पंचेचाळिसावा दिवस

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात संत्र्याची बाग अनेकदा झाडावरच विकली जाते. व्यापारी बाग फिरून पाहतो, फळांचा अंदाज घेतो, ठोक भाव ठरतो आणि इसार हातात पडतो. उरलेली रक्कम तोडा संपायच्या आत वसूल करायची, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. शेवटची गाडी बांधाबाहेर गेली की हातात फक्त व्यापाऱ्याचा फोन नंबर उरतो.

याच घरांतली काही मुलं-मुली आता मोबाइलवर व्हिडिओ करून कमावतात. कुणी बागेतल्या रोगांवर बोलतं, कुणी वऱ्हाडी ठसक्यात विनोद करतं, कुणी रांधून दाखवतं. बघणारा वर्ग जमला की कंपन्या विचारणा करतात, करार होतो, सही होते. इथे मात्र व्यवहाराची दिशा उलटी आहे. माल आधी जातो, पैसे नंतर येतात. रील एकदा प्रसिद्ध झालं, लाख-दीड लाख लोकांनी पाहिलं, की कंपनीला हवं ते मिळून गेलेलं असतं. त्यानंतर सुरू होतं ते ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ हे पालुपद.

थकलेलं मानधन मागताना बहुतेक जण रकमेवर भर देतात: एवढे पैसे राहिलेत, गरज आहे, बघा जरा. रकमेबद्दल वाद क्वचितच असतो, ती करारात छापलेलीच असते. खरा वाद तारखेचा असतो. पैसे नेमके कोणत्या दिवशी देय झाले, हे ज्याला कागदावर दाखवता येतं त्याची मागणी वजनदार होते. बाकीच्यांची विनवणी ठरते.

एक नमुन्याचा व्यवहार

हे समजायला एक व्यवहार धरू. माणसं आणि आकडे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत, पण कलमं अशा करारांत नेहमी आढळतात तीच. पांढुर्ण्याजवळच्या गावातली एक तरुणी संत्राबागेवर व्हिडिओ करते. पुण्याची एक कंपनी झाडांसाठी सूक्ष्म अन्नद्रव्यं विकते. कंपनीचं काम मुंबईची एक एजन्सी पाहते. करारावर 18 डिसेंबर 2023 रोजी सह्या होतात: दोन रील, तीन स्टोऱ्या, मानधन 60,000 रुपये.

2 जानेवारीला ती कच्चं रील पाठवते. 4 तारखेला दुरुस्त्या येतात, 8 तारखेला ‘अप्रूव्ह्ड’ असा मेल येतो. 10 जानेवारी 2024 रोजी सगळं प्रसिद्ध होतं. दुसऱ्या दिवशी बिल जातं. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी जपून ठेवलं याचे स्क्रीनशॉट 17 तारखेला जातात. तिचं काम इथे संपलं.

करारातलं पैशाचं कलम असं: ‘मोहीम पूर्ण झाल्यावर व बिल मिळाल्यावर 60 दिवसांत रक्कम अदा केली जाईल.’ वाचायला निरुपद्रवी वाटतं. आणखी खाली दुसरं कलम आहे: रील किमान 90 दिवस खात्यावरून काढायचं नाही. ‘मोहीम पूर्ण’ म्हणजे काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

या एका रिकाम्या जागेतून दोन वेगवेगळ्या तारखा निघतात. तिच्या मते 17 जानेवारीला आकडेवारी दिली, तेव्हा काम पूर्ण झालं. त्यापुढे 60 दिवस म्हणजे 17 मार्च. एजन्सीचा लेखा विभाग म्हणतो, 90 दिवस रील ठेवायचं होतं, म्हणजे मोहीम 9 एप्रिलला संपली. त्यापुढे 60 दिवस म्हणजे 8 जून. एकाच सहीच्या कागदातून जवळपास तीन महिन्यांचा फरक पडतो आणि दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं.

यात अजून एक कलम मिसळलेलं असतं, ते जास्त घातक. ‘एजन्सीला कंपनीकडून रक्कम मिळाल्यानंतर’ मानधन दिलं जाईल, असं त्यात लिहिलेलं असतं. ते मान्य करणं म्हणजे ज्या व्यवहारात आपण नाही, त्या व्यवहाराची जोखीम आपल्या अंगावर घेणं. कंपनी आणि एजन्सी यांचं आपसात काय ठरलं, हे त्या तरुणीला कधीच दिसणार नसतं.

पैसे मागायचे कुणाकडे

थकबाकी झाल्यावर पहिली चूक होते ती पत्ता चुकण्याची. रीलमध्ये नाव पुण्याच्या कंपनीचं असतं, म्हणून राग तिच्यावर निघतो. पण सही कुणाची आहे? करारात एजन्सीने स्वतःच्या नावाने, स्वतः रक्कम देण्याचं वचन दिलं असेल, तर देणेकरी एजन्सी आहे. करारात ‘अमुक कंपनीच्या वतीने’ असे शब्द असतील आणि मालकाचं नाव उघड असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 230 प्रमाणे साधारणपणे मध्यस्थ स्वतः बांधला जात नाही. मग दावा थेट कंपनीवर जातो. ‘वतीने’ हा एक शब्द आहे की नाही, यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

म्हणून सहीच्या पानाआधी पहिलं पान वाचायचं. तिथे दोन्ही पक्षांची पूर्ण नावं, नोंदणीकृत पत्ते आणि जीएसटी क्रमांक असायला हवेत. बिलही त्याच नावाने काढायचं. करार एकाशी आणि बिल दुसऱ्याच्या नावाने, हा घोळ या व्यवसायात नेहमी होतो, कारण बिल काढायच्या दिवशी कुणीतरी फोनवर सांगतं, ‘या दुसऱ्या कंपनीच्या नावाने काढा.’ तसं करायचंच असेल तर ते फोनवर नको, मेलवर मागून घ्यावं.

कायद्याचं घड्याळ

17 मार्च आणि 8 जून या दोन्ही तारखांपेक्षा आधीची एक तिसरी तारीख आहे, आणि ती कराराने ठरवलेली नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 या कायद्यात विलंबित देयकांवर वेगळं प्रकरण आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे. करारात मुदत कितीही लांब लिहिलेली असली तरी ती स्वीकृतीच्या दिवसापासून 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, असं कलम 15 सांगतं. लेखी मुदतच ठरलेली नसेल तर 15 दिवस. 60 किंवा 90 दिवसांचं कलम छापलेलं असलं तरी अशा पुरवठादारासाठी घड्याळ 45 वर थांबतं.

आणि स्वीकृती म्हणजे काय, हेही कायद्याने सैल ठेवलेलं नाही. सेवा दिल्यापासून 15 दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा धरायचा. हरकत लेखी घेतली, तर ती दूर केली तो दिवस धरायचा. आपल्या उदाहरणात 10 जानेवारीनंतर एकही लेखी तक्रार आली नाही. म्हणजे स्वीकृती 10 जानेवारीची आणि पंचेचाळिसावा दिवस 24 फेब्रुवारी 2024. 90 दिवस रील ठेवण्याच्या अटीवर एजन्सी वाद घालू शकेल, पण 8 जानेवारीचा मंजुरीचा मेल, 10 तारखेची प्रसिद्धी आणि त्यानंतरचं मौन, या तिन्हींच्या समोर तो वाद टिकवणं सोपं नाही.

कंटेंट क्रिएटर हा ‘उद्योग’ कसा, असा प्रश्न इथे कुणालाही पडेल. कायद्यात सेवा देणारेही येतात. एकट्या माणसाला स्वतःच्या नावाने, आधार आणि पॅनवर, उद्यम पोर्टलवर नोंदणी करता येते. 1 जुलै 2020 पासून ही पद्धत सुरू आहे आणि तिला शुल्क नाही. पैसे घेऊन नोंदणी करून देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकायचं कारण नाही. नोंदणी करताना कामाचा प्रकार निवडावा लागतो. जाहिरात सेवेचा सांकेतिक क्रमांक 73100 आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला विलंबित देयकाचं हे संरक्षण मिळत नाही, म्हणून तिथे ‘व्यापार’ निवडला गेला तर नोंदणी असूनही उपयोग होत नाही.

मोठी अट मात्र वेळेची आहे. पैसे अडकल्यावर धावत जाऊन नोंदणी केली तर चालेल का? गुजरात राज्य नागरी पुरवठा महामंडळ विरुद्ध महाकाली फूड्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी सांगितलं की करारानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागच्या व्यवहाराला मिळणार नाही. जानेवारी 2025 मध्ये एनबीसीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाला ही भूमिका फेरविचाराची वाटली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. शहाणपण एवढंच, की सहीच्या आधी उद्यम क्रमांक हातात असावा आणि तो करारावर व बिलावर छापलेला असावा. आपल्या उदाहरणातल्या तरुणीने ही नोंदणी 2023 च्या पावसाळ्यातच केली होती, असं धरू.

व्याज किती होतं

उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे व्याज लागतं, आणि ते बँकेच्या ठेवीसारखं मवाळ नाही. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दर, आणि दर महिन्याला चक्रवाढ. बँक दर म्हणजे रेपो दर नव्हे. दोन्ही आकडे वेगळे असतात आणि हिशेब मांडताना इथे चूक होते. 2024 चं संपूर्ण वर्ष बँक दर 6.75 टक्के होता. तिप्पट म्हणजे वर्षाला 20.25 टक्के, महिन्याला 1.6875 टक्के.

60,000 रुपयांवर पहिल्या महिन्याचं व्याज साधारण 1,012 रुपये होतं. 25 फेब्रुवारीपासून 24 ऑगस्टपर्यंत सहा महिने रक्कम अडली, तर चक्रवाढीने मागणी 66,337 रुपयांवर जाते. सहा हजारांनी कुणी श्रीमंत होत नाही. पण या व्याजाचा एजन्सीला आणखी एक फटका आहे: कलम 23 प्रमाणे ते आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही.

दुसरा फटका मूळ रकमेचाच. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात 43बी(एच) हे उपकलम आलं आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. म्हणजे 24 फेब्रुवारी उलटला आणि 31 मार्च 2024 पर्यंतही पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षीच्या हिशेबात एजन्सीला हे 60,000 खर्चात धरता येत नाहीत. म्हणूनच मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, उद्यम प्रमाणपत्र जोडून, लेखा विभागाला गेलेली आठवण ही मार्केटिंगच्या माणसाला पाठवलेल्या दहा संदेशांपेक्षा जास्त काम करते. मार्केटिंगच्या माणसाला वर्षाअखेरचा ताळेबंद दिसत नाही, लेखापालाला दिसतो.

टीडीएसची पाऊलखूण

पैसे आले नसताना एक गोष्ट तपासून पाहावी, ती म्हणजे आयकर पोर्टलवरचा 26एएस हा उतारा. व्यावसायिक शुल्क म्हणून 10 टक्के, किंवा जाहिरातीचं काम म्हणून व्यक्तीला 1 टक्का, अशी कपात या व्यवहारांत दिसते. ही कपात पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा करायची असते. म्हणून कधी कधी पैसे मिळालेले नसतात, पण टीडीएस जमा झालेला दिसतो. जानेवारी-मार्च तिमाहीचं विवरण 31 मेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे जूनमध्ये हा उतारा उघडून बघण्यासारखा असतो.

तिथे आपल्या नावावर 60,000 रुपयांवरचे 6,000 दिसले, तर ‘काम समाधानकारक नव्हतं’ हे म्हणणं एजन्सीला जड जातं. तिने स्वतःच्या वहीत हे देणं मान्य केलं, सरकारला तसं कळवलं. तो उतारा मागणीपत्राला जोडायचा. उलट, ‘टीडीएस कापला’ असं सांगूनही उताऱ्यात काहीच नसेल, तर ती वेगळी आणि गंभीर तक्रार आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अभिनेत्री शर्मिष्ठा राऊत यांनी ‘हे मन बावरे’ या मालिकेचं थकलेलं मानधन समाजमाध्यमावर जाहीरपणे मागितलं. मृणाल दुसानिस, शशांक केतकर यांच्यासह इतर कलाकारांनीही तोच मुद्दा मांडला, आणि मानधनाबरोबर टीडीएसचा प्रश्नही त्या वेळी चर्चेत आला. निर्मात्याने देणं नाकारलं नाही. आर्थिक अडचण सांगून वेळ मागितली. त्या प्रकरणातून आपल्या विषयापुरतं एवढं घेता येतं: जिथे देणं नाकारलंच जात नाही, तिथे ‘आहे का देणं?’ या प्रश्नावर भांडण होत नाही, ‘कधी?’ या प्रश्नावर होतं. आणि जाहीर पोस्टने लाज वाटू शकते, पण तिला स्वतःची मुदत नसते.

ब्रँडच्या करारात बहुधा गोपनीयतेचं आणि बदनामी न करण्याचं कलमही असतं. संतापून ‘या कंपनीपासून सावध राहा’ असं रील टाकलं, तर थकबाकीदाराच्या हातात आपणच प्रतिदावा देतो. तेच प्रसिद्ध झालेलं रील काढून टाकण्याचं. 90 दिवसांची अट मोडली की ‘करार तिनेच मोडला’ म्हणायला एजन्सी मोकळी.

मागणीपत्र कसं असतं

पंचेचाळिसावा दिवस उलटला की व्हॉट्सॲपवरचं ‘सर, काही अपडेट?’ थांबवायचं. एक मेल लिहायचा. करारात नोटिशीसाठी जो पत्ता दिला आहे त्यावर, आणि तोच मजकूर नोंदणीकृत टपालाने. कंपन्यांशी व्यवहार इंग्रजीत किंवा हिंदीत होतो, पण मजकुराचा सांगाडा कुठल्याही भाषेत हाच राहतो:

‘मा. लेखा विभाग व करारावर स्वाक्षरी करणारे अधिकारी यांस,

विषय: दि. 18 डिसेंबर 2023 च्या करारानुसार थकीत मानधन रु. 60,000.

कराराच्या जोडपत्रातील दोन रील व तीन स्टोऱ्या दि. 8 जानेवारी 2024 च्या आपल्या लेखी मंजुरीनंतर दि. 10 जानेवारी 2024 रोजी प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर 15 दिवसांत आपल्याकडून कोणतीही लेखी हरकत आली नाही. माझी उद्यम नोंदणी करारापूर्वीची असून क्रमांक करारावर व बिलावर नमूद आहे. 2006 च्या अधिनियमाच्या कलम 15 नुसार देय तारीख 24 फेब्रुवारी 2024 होती.

मूळ रक्कम व 25 फेब्रुवारीपासून कलम 16 प्रमाणे होणारे व्याज हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत सोबतच्या बँक खात्यात जमा करावे. टीडीएस कापल्यास त्याचा तपशील कळवावा. रकमेबाबत किंवा कामाबाबत आपली हरकत असल्यास ती याच मुदतीत कारणांसह लेखी द्यावी. अन्यथा मला सुविधा परिषदेकडे अर्ज करावा लागेल.

सोबत: करार, मंजुरीचा मेल, प्रसिद्धीचे दुवे व स्क्रीनशॉट, बिल, उद्यम प्रमाणपत्र, व्याजाचा तक्ता.’

या पत्रात विनवणी नाही, धमकीही नाही. प्रत्येक वाक्याला एक कागद टेकू देतो. ‘हरकत असल्यास लेखी द्यावी’ हे वाक्य सगळ्यांत उपयोगी. त्याचं उत्तर ‘रक्कम मान्य आहे, पुढच्या महिन्यात देतो’ असं आलं, तर देणं लेखी कबूल झालं. दावा लावायची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची असते; त्या मुदतीच्या आत मिळालेल्या लेखी कबुलीपासून ती पुन्हा मोजता येते. उत्तरच आलं नाही, तर तेही पुढे दाखवता येतं.

पुरावे मात्र त्याच दिवशी जमवायचे असतात. स्टोरी 24 तासांत दिसेनाशी होते. तिचा स्क्रीन रेकॉर्ड, तारीख-वेळेसह, प्रसिद्धीच्या दिवशीच घ्यायचा. दुरुस्त्या फोनवर सांगितल्या गेल्या असतील तर संध्याकाळी एक ओळीचा मेल टाकायचा: आज सांगितलेले तीन बदल करून फाइल पाठवली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे मोबाइलमधला मजकूर न्यायालयात द्यायचा तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून ज्या फोनवर बोलणी झाली तो फोन विकायची किंवा त्यातलं सगळं पुसायची घाई करू नये.

नागपूर जवळ, भोपाळ दूर

पत्राची मुदतही उलटली, तर इथल्या माणसापुढे सीमेवरचा जुना प्रश्न उभा राहतो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. बाजार, दवाखाना, मुलांचं शिक्षण यासाठी पाय नागपूरकडे वळतात, शंभर किलोमीटरच्या आत. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तरी राज्य मध्य प्रदेशच. आणि करारात शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं: सर्व वाद फक्त मुंबईच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात. 60,000 रुपयांसाठी मुंबईत वकील लावायचा, हा हिशेब बसत नाही, आणि ते कलम लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

2006 च्या अधिनियमाचं कलम 18 हा रस्ता उलटा फिरवतं. सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो, आणि पुरवठादार ज्या परिषदेच्या हद्दीत राहतो तिलाच अधिकार असतो. घेणारा भारतात कुठेही असो. महाकाली फूड्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की पक्षांनी आपसात वेगळा लवाद ठरवला असला, तरी या कायद्याचा मार्ग बंद होत नाही. म्हणजे आपल्या तरुणीला मुंबईला जायचं नाही. नागपूरच्या परिषदेकडेही नाही, कारण ती महाराष्ट्राची. तिचा अर्ज मध्य प्रदेशच्या परिषदेकडे, भोपाळला. दुसऱ्या राज्याची परिषद निवडली तर अर्ज अधिकारक्षेत्रावरच अडकतो.

अर्ज घरून ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी ‘समाधान’ पोर्टल ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झालं. जून 2025 मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाचं नवं पोर्टलही सुरू झालं. उद्यम क्रमांक, करार, बिल आणि व्याजाचा तक्ता चढवायचा. अर्जाची सूचना आधी समोरच्या कंपनीला जाते. परिषद प्रकरण हाती घेण्याआधीच मिटवायची ही संधी असते. नाही मिटलं, तर आधी तडजोडीचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. कायदा 90 दिवसांत निकाल सांगतो. प्रत्यक्षात ही मुदत पाळली जातेच असं नाही, म्हणून अर्ज करून घरी बसायचं नसतं, सुनावणीच्या तारखा बघत राहायचं असतं.

निकाल विरोधात गेला आणि कंपनीला त्याला न्यायालयात आव्हान द्यायचं असेल, तर कलम 19 प्रमाणे रकमेच्या 75 टक्के आधी जमा करावे लागतात. केवळ वेळ काढण्यासाठी अपील करण्याचा मोह तिथे कमी होतो. एक कुंपण मात्र आहे. मुदतबाह्य झालेल्या थकबाकीवर तडजोड होऊ शकते, लवाद नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. तीन वर्षं उलटू द्यायची नाहीत.

उद्यम नसेल तर

नोंदणी नसलेल्याचे हात पूर्ण बांधलेले नाहीत, पण 45 दिवसांचं घड्याळ आणि तिप्पट व्याज त्याला नाही. करारातली मुदतच त्याची मुदत. लेखी करारात ठरलेली निश्चित रक्कम असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला 10 दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. मात्र मुंबईचं कलम इथे आडवं येतं.

कमी खर्चाचा दुसरा दरवाजा विधी सेवा प्राधिकरणाचा. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायची सोय 1987 च्या कायद्यात आहे. तिथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही. अडचण एकच: समोरची बाजू आलीच नाही, तर लोकअदालत तिला पैसे द्यायला लावू शकत नाही. पोलीस ठाणं मात्र या कामाचं नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा इरादा होता असं दाखवता आलं तरच तो गुन्हा होतो; निव्वळ उशीर हा दिवाणी वाद राहतो.

पुढच्या सहीआधी

वरचा सगळा खटाटोप करारातल्या चार ओळींनी बराच टळतो, आणि त्या मागायची वेळ एकच असते: कंपनीला मोहिमेची घाई असते तेव्हा.

पहिली ओळ, ‘मोहीम पूर्ण’ या शब्दांऐवजी: ‘रक्कम प्रसिद्धीच्या दिवसापासून 30 दिवसांत देय, रील ठेवण्याची अट मानधनापासून स्वतंत्र.’ दुसरी, ‘पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम मंजूर समजले जाईल.’ तिसरी, निम्मी रक्कम सहीच्या वेळी. ही ओळ सर्वांत कठीण, पण 30 टक्के मिळाले तरी घ्यावेत, कारण ज्याने काही दिलं आहे त्याच्या वहीत आपलं नाव आधीच उघडलेलं असतं.

चौथी ओळ फारच कमी जण मागतात. प्रसिद्ध झालेलं रील कंपनी पुढे स्वतःच्या पैशाच्या जाहिरातीत वापरते, त्यासाठी तिला आपला हक्क लागतो. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी असावं लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून लिहावं: ‘जाहिरातीत वापराचा हक्क फक्त 90 दिवसांसाठी, आणि संपूर्ण मानधन जमा झाल्यानंतरच लागू.’ पैसे न देता तेच रील जाहिरातीत फिरताना दिसलं, तर प्रश्न थकबाकीपुरता राहत नाही, हक्कभंगाचा होतो. बागेबाहेर गेलेल्या मालावर धरून ठेवता येईल अशी ही एकच दोरी या व्यवसायात आहे.

एजन्सी यातल्या दोन ओळी मान्य करेल, दोन खोडेल. पहिली ओळ खोडली तर मात्र थांबून विचारावं: मग देय तारीख कोणती, ती आकड्यांत लिहा. तारीख लिहायला जी कंपनी तयार होत नाही, तिच्याकडून पैसे कधी येतील याचं उत्तर त्या नकारातच मिळालेलं असतं.